हेल्प आर्टिकल लिहूनही तेच फोन परत परत येतायत? ड्राफ्ट असा उसवून परत लिहा

लक्षण असं असतं. हेल्प आर्टिकल लिहून झालंय, लिंक सगळ्यांना पाठवून झालीये, लोक ते उघडून वाचतातही, आणि तरी दुसऱ्या दिवशी त्याच विषयावर फोन. तुम्ही म्हणता "अहो, लिहिलंय ना त्यात", समोरचा म्हणतो "हो वाचलं, पण माझ्याकडं तसं दिसतच नाहीये", मग तुम्ही दोन-तीन प्रश्न विचारता आणि पाच मिनिटांत काम होतं. ते जे दोन-तीन प्रश्न तुम्ही फोनवर विचारले ना, ते आर्टिकलमध्ये नव्हते. बिघाड तिथंच आहे.

मी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत सपोर्टला आहे. आमच्याकडं दरवर्षी एकच प्रश्न उगवतो, तो पण ऑगस्ट-सप्टेंबरात, कारण वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि नोटीस पाठवायला, हजेरीच्या सह्या घ्यायला सभासद यादी छापावी लागते. क्लार्क यादी सीएसव्ही फाइलमध्ये एक्सपोर्ट करतो, डबल-क्लिक करतो, एक्सेल उघडतं आणि नावांच्या जागी हे दिसतं, वरची ओळ म्हणजे जे असायला हवं ते आणि खालची म्हणजे जे दिसतं ते:

```
मराठी
à¤®à¤°à¤¾à¤ à¥€
```

आमच्याकडं याला सगळे "जंतू" म्हणतात. यावर आर्टिकल मीच लिहिलेलं, आणि वर्षभर मला वाटत होतं की लोक नीट वाचत नाहीत. तर तो ड्राफ्ट जसाच्या तसा खाली देतो, लाज वाटते पण देतो:

"आपल्या सॉफ्टवेअरमधून सभासद यादी सीएसव्ही स्वरूपात एक्सपोर्ट करता येते. सीएसव्ही हे अत्यंत उपयुक्त स्वरूप आहे. ही फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर काही वेळा मराठी अक्षरे नीट दिसत नाहीत, याचे कारण एन्कोडिंग हे आहे. अशा वेळी Data टॅबमधून फाइल इम्पोर्ट करून UTF-8 निवडावे, म्हणजे मराठी व्यवस्थित दिसेल. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये जात असल्यास डेटा टाइप बदलावा. दुरुस्ती करून फाइल पुन्हा अपलोड करायची असल्यास सेव्ह करताना योग्य फॉरमॅट निवडावा. लक्षात ठेवा, फाइल थेट उघडून सेव्ह केल्यास डेटा खराब होऊ शकतो. जुन्या एक्सेलमध्ये हे पर्याय वेगळे असू शकतात. तरीही अडचण आल्यास संपर्क साधावा."

यात चूक म्हणावी असं एकही वाक्य नाही, आणि म्हणूनच वर्षभर कळलं नाही. सगळं खरं आहे, फक्त ज्याला काम करायचंय त्याच्या उपयोगाच्या वेळी काहीच येत नाही. मला जसजसं आठवत गेलं तसतसं मी लिहीत गेलो. समोरचा मात्र वरून खाली एकेक वाक्य वाचून लगेच हात चालवतो, पूर्ण वाचून मग सुरुवात करणारा माणूस मी तरी अजून पाहिला नाही.

उसवायचं कसं

ड्राफ्टची प्रिंट काढा, खरंच कागदावर काढा, आणि प्रत्येक वाक्यासमोर समासात एक अक्षर लिहा. काम सुरू करण्याआधी जे खरं असायला हवं ते "पू", म्हणजे पूर्वतयारी. हाताने करायची कृती ती "पा", म्हणजे पायरी. केल्यावर स्क्रीनवर दिसणारी गोष्ट "दि". बिनसल्यावर लागणारी गोष्ट "अ". यातलं काहीच नसेल तर फुली. एका वाक्यासमोर दोन अक्षरं लिहावी लागली तर ते वाक्य तिथंच तोडायचं.

माझ्या ड्राफ्टवर हे केलं तेव्हा काय निघालं ते बघा. पहिली दोन वाक्यं, फुली. एक्सपोर्ट करता येतं हे त्याला माहितीये, त्यानं केलंय म्हणून तर तो इथं आलाय. सीएसव्ही उपयुक्त आहे हे वाक्य मी का लिहिलं होतं देव जाणे. तिसऱ्या वाक्यात अर्धं लक्षण आहे आणि अर्धं कारण, आणि लक्षण सुद्धा "नीट दिसत नाहीत" असं, जे कुणीच तसं म्हणत नाही.

चौथं वाक्य सगळ्यात महागात पडलेलं. "Data टॅबमधून फाइल इम्पोर्ट करून UTF-8 निवडावे, म्हणजे मराठी व्यवस्थित दिसेल." मी स्वतः करत करत मोजलं तर यात सहा कृती लपल्या होत्या आणि शेपटाला एक "दि" चिकटलेली. मला ती एकच कृती वाटत होती कारण माझी बोटं ती न विचारता करतात. हे मोजायचं असेल तर एक साधी युक्ती: माउस सोडा, कीबोर्डही सोडा, शेजारच्याला बसवा आणि तोंडी सांगा, तो फक्त तुम्ही सांगाल तेवढंच करेल. जिथं जिथं तो "मग?" म्हणतो तिथं एक पायरी गायब आहे.

पाचवं वाक्य म्हणजे शून्यांचं. मी ते "अ" समजून लिहिलं होतं, "जात असल्यास". पण आमच्या सगळ्या संस्थांचे खाते क्रमांक 00412 अशा धर्तीचे आहेत, म्हणजे शून्यं जाणार ती सगळ्यांचीच. प्रत्येकाला जी अडचण येते तिला अडचण विभागात ठेवून काय उपयोग, ती पायऱ्यांमध्ये घालायला हवी म्हणजे ती येणारच नाही. ही गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. अडचण विभाग लांबच लांब झाला असेल तर बहुतेक वेळा त्यातल्या निम्म्या गोष्टी वरून निसटून खाली पडलेल्या असतात.

सहावं वाक्य, दुरुस्ती करून परत अपलोड करणं, हे वेगळंच काम आहे. यादी छापणाऱ्या माणसाला त्याच्याशी देणंघेणं नाही, आणि अपलोड करणाऱ्याला एवढ्या अर्ध्या ओळीत भागत नाही. ते उचलून दुसऱ्या आर्टिकलमध्ये टाकलं. त्याबद्दल पुढं सांगतो कारण तिथली भानगड मोठी आहे.

सातवं वाक्य म्हणजे इशारा. "लक्षात ठेवा" असं म्हणून मी तो सातव्या जागी ठेवला, तोपर्यंत माणसानं डबल-क्लिक करून, जंतू बघून घाबरून कंट्रोल एस दाबलेलं असतं. इशारा हा त्या कृतीच्या आधीच यायला हवा, इथं तर पहिल्या पायरीच्याही आधी. आणि "डेटा खराब होऊ शकतो" म्हणजे नेमकं काय ते पण लिहायला हवं. इथं होतं असं की सेव्ह केलं की 00412 चं 412 होऊन फाइलमध्ये बसतं आणि ती शून्यं त्या फाइलमधून परत मिळत नाहीत.

आठवं वाक्य "पू" आहे. कुठलं एक्सेल चालेल ते आधी सांगायचं, "वेगळे असू शकतात" हे सांगून त्याला काय कळणार. नववं वाक्य ठेवलं, पण बदलून.

पूर्वतयारीत काय लिहायचं

पूर्वतयारीची अट एकच, ती वाचकाला तपासता आली पाहिजे. "एक्सेलची योग्य आवृत्ती असावी" ही तपासता येत नाही. "Excel 2019, Excel 2021 किंवा Microsoft 365, कुठलं आहे ते File मध्ये Account वर दिसेल" ही येते. "संगणकाचं प्राथमिक ज्ञान" वगैरे तर लिहूच नका, ते ज्ञान आपल्याला नाही असं मानणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

आणि तीन-चारच्या वर पूर्वतयारी गेली की लोक ती सोडून थेट आकडा १ शोधतात. त्यामुळं जी नसली तर काम अडेल तेवढीच.

आता परत लिहिलेलं आर्टिकल. हे आज आमच्याकडं चालू असलेलंच आहे, फक्त आमच्या सॉफ्टवेअरचं नाव काढलंय.

---

सभासद यादी एक्सेलमध्ये उघडल्यावर नावं à¤®à¤° अशी दिसतात

आधी हे: यादी डबल-क्लिक करून उघडली असेल आणि असं दिसत असेल तर Save करू नका. फाइल बंद करा, विचारलं तर Don't Save दाबा. सेव्ह केलं की खाते क्रमांकाची पुढची शून्यं कायमची जातात.

सुरू करण्याआधी

- विंडोजवर Excel 2019, Excel 2021 किंवा Microsoft 365 हवं. File मध्ये Account वर गेलात की नाव दिसतं.
- यादी नुकतीच एक्सपोर्ट केलेली हवी. आधी एक्सेलमधून सेव्ह झालेली असेल तर परत एक्सपोर्ट करा.
- ती फाइल एक्सेलमध्ये उघडी नको.

पायऱ्या

1. एक्सेल उघडा आणि Blank workbook घ्या. यादीवर डबल-क्लिक करू नका.
2. वर Data वर क्लिक करा, मग डाव्या बाजूचं From Text/CSV.
3. यादीची फाइल निवडा आणि Import दाबा. यादीचा नमुना दाखवणारी एक खिडकी उघडते.
4. त्या खिडकीत File Origin मध्ये 65001: Unicode (UTF-8) निवडा. खालच्या नमुन्यात नावं मराठीत दिसू लागतात.
5. Delimiter मध्ये Comma आहे ना बघा, नसेल तर निवडा.
6. Data Type Detection मध्ये Do not detect data types निवडा. खाते क्रमांक शून्यांसकट दिसतात.
7. Load दाबा.

काय दिसायला हवं

नवीन शीटवर पट्टेदार तक्ता येतो. नावं मराठीत असतात, खाते क्रमांक 00412 असे शून्यांसकट आणि चौकटीत डावीकडं सरकलेले असतात. सगळ्यात वर Column1, Column2 अशी एक ओळ असते आणि तुमची खरी शीर्षकं त्याच्या खालच्या ओळीत. हे असंच असतं, चुकलेलं नाही. छापताना वरची ओळ नको असेल तर डावीकडच्या 1 या आकड्यावर राइट क्लिक करून Hide करा.

अडचण आली तर

"being used by another process" असा निरोप येतो: यादी मागं कुठंतरी एक्सेलमध्ये उघडी आहे. ती बंद करा आणि पायरी २ पासून परत करा.

Data मध्ये From Text/CSV नाहीच: तुमचं एक्सेल जुनं आहे. Data मधलं From Text घ्या. पहिल्या पडद्यावर Delimited आणि File origin मध्ये 65001 : Unicode (UTF-8), दुसऱ्यावर Comma, तिसऱ्यावर खाते क्रमांकाच्या रकान्यावर क्लिक करून Text, मग Finish आणि OK.

पायरी ४ नंतरही नावं तशीच, किंवा नावांच्या जागी ????: फाइलवर राइट क्लिक करून Open with मधून Notepad मध्ये उघडा. तिथंही तसंच दिसत असेल तर ही फाइल बिघडलेली आहे, एक्सेलमध्ये काही करून ती सुधारणार नाही. परत एक्सपोर्ट करा.

एवढं करूनही नाही जमलं: फोन करताना नोटपॅडमध्ये पहिल्या ओळी कशा दिसतात त्याचा फोटो पाठवा.

---

संपलं. ड्राफ्टपेक्षा लांब झालंय हे खरं, आणि आमच्या साहेबांनी पहिलं वाक्य तेच म्हटलं, "एवढं मोठं कोण वाचणार". पण ड्राफ्ट अख्खा वाचावा लागायचा आणि हे तसं वाचायचंच नाहीये. ज्याला जमतंय तो सातव्या पायरीला थांबतो, ज्याला ???? दिसतायत तो डोळ्यानं ???? शोधतो आणि तिथंच उतरतो.

लक्षण वाचकाच्या शब्दांत, कारण तुमच्या डोक्यात

अडचण विभागाचं शीर्षक "एन्कोडिंग विसंगती" असं दिलंत तर ज्याला कारण आधीच कळलंय त्यालाच ते सापडेल, आणि त्याला आर्टिकलची गरजच नाही. शीर्षक म्हणजे स्क्रीनवर जे दिसतं ते. एरर असेल तर एररमधले शब्द जसेच्या तसे, भाषांतर न करता, कारण माणूस ते शब्द टाइप करून शोधतो. आर्टिकलचं नाव पण म्हणूनच बदललं, आधी ते "सीएसव्ही फाइल आणि मराठी मजकूर" असं निबंधासारखं होतं.

पण कारण लिहिणाऱ्याला पक्कं माहीत हवं, नाहीतर दोन वेगळी लक्षणं एकाच उपायाखाली जातात. माझ्या ड्राफ्टमध्ये तेच झालेलं, जंतू आणि प्रश्नचिन्हं दोन्ही "नीट दिसत नाहीत" मध्ये कोंबलेली. आता बघा, यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर किंवा मात्रा तीन बाइटची असते, पहिला बाइट E0 आणि दुसरा A4 किंवा A5. एक्सेलनं फाइलवर यूटीएफ-8 ची खूण नसल्यामुळं ती विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य अक्षरांच्या तक्त्यानं वाचली तर त्यात E0 म्हणजे à, A4 म्हणजे ¤ आणि A5 म्हणजे ¥. म्हणून जंतूंमध्ये à¤ आणि à¥ हीच जोडी सारखी सारखी येते. म्हणजे à¤ दिसतंय तर बहुतेक वेळा बाइट जागेवर आहेत, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचले जातायत, परत नीट इम्पोर्ट केलं की झालं.

???? चं तसं नाही. ते फाइल वाचताना होत नाही, लिहिताना होतं. कुणीतरी मराठी नीट दिसत असताना फाइल साध्या CSV (Comma delimited) मध्ये सेव्ह केली, त्या तक्त्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. "गणेश" आणि "महेश" दोघंही ???? झाले, कुठलं कोण ते फाइलला आता माहीत नाही. इथं इम्पोर्टच्या पायऱ्या दहा वेळा करायला लावणं म्हणजे माणसाचा वेळ घालवणं. अजून एक तिसरा प्रकार आहे, जंतू दिसत असतानाच CSV UTF-8 म्हणून सेव्ह केलेलं, मग जंतूच पक्के होऊन बसतात आणि नोटपॅडमध्येही जंतूच दिसतात.

या तिघांना वेगळं करायला नोटपॅड पुरतं. नोटपॅडमध्ये मराठी आलं तर फाइल चांगली, नाही आलं तर फाइलच गेलेली. हा एक प्रश्न मी प्रत्येक फोनवर विचारायचो आणि आर्टिकलमध्ये एकदाही लिहिला नव्हता. तुमच्याही विषयात असा एखादा तपास असणार, फोनवर सगळ्यात आधी काय विचारता ते आठवा, तोच.

"काय दिसायला हवं" सगळ्यात जास्त फोन वाचवतं

आधी मी लिहायचो "फाइल यशस्वीरीत्या उघडेल". यश दिसायला कसं असतं ते कुणालाच माहीत नसतं. दोन-तीन गोष्टी लिहा ज्यांच्याकडं बोट दाखवता येईल: नावं मराठीत, क्रमांकाला शून्यं, आकडे डावीकडं. डावीकडचं मुद्दाम लिहिलंय, कारण एक्सेल मजकूर डावीकडं आणि आकडे उजवीकडं ठेवतं, त्यामुळं खाते क्रमांक उजवीकडं गेलेले दिसले की पायरी ६ राहिली हे लांबूनच कळतं.

आणि इथंच त्या गोष्टी पण लिहायच्या ज्या विचित्र दिसतात पण बरोबर असतात. Column1 ची ओळ हे त्याचं उदाहरण. पहिल्या चाचणीत आमच्या अकाउंट्सच्या मॅडमना बसवलं होतं, त्यांनी सात पायऱ्या अगदी बिनचूक केल्या, Column1 बघितलं आणि म्हणाल्या "चुकलं वाटतं", आणि सगळं बंद करून परत पहिल्यापासून सुरू केलं. काही चुकलंच नव्हतं. मी मागं तोंड मिटून उभा, फार जिवावर आलं होतं, पण चाचणीत बोलायचं नाही हा नियम पाळलाच पाहिजे, बोललात की ती पायरी कागदावर कधीच येत नाही.

मग त्या Column1 साठी मी मोठ्या हुशारीनं एक जास्तीची पायरी घातली: Load च्या ऐवजी Transform Data दाबा, मग Use First Row as Headers. शीर्षकं छान वर आली. आणि शून्यं गेली. झालं असं की शीर्षकं वर उचलताना एक्सेल आपणहून Changed Type नावाची एक पायरी जोडतं आणि खाते क्रमांकांचे पुन्हा साधे आकडे करून टाकतं, उजवीकडच्या Applied Steps मधून ती खोडून टाकली तर शून्यं परत येतात, पण क्लार्कला छापायला यादी हवी असताना हे सगळं कशाला. पायरी काढली, Hide ची अर्धी ओळ घातली. नुसती छापायला एवढं पुरतं. यादीची क्रमवारी लावायची असेल तर मात्र Hide नं भागत नाही, तेव्हा शीर्षकांची ओळही नावांबरोबर खाली-वर जाते, त्यांना फोनवरच सांगतो, तसे फार थोडे असतात.

यातून एवढं कळलं की पायरी घातली की पूर्ण आर्टिकल परत पहिल्यापासून करून बघायचं, फक्त ती नवीन पायरी नाही.

दुसऱ्या चाचणीत "being used by another process" आलं. कारण तो मुलगा आधी डबल-क्लिक करून जंतू बघून आलेला आणि ती खिडकी मागं तशीच उघडी. आता विचार करा, आर्टिकल वाचायला येणारा जवळपास प्रत्येक माणूस असाच येणार, जंतू बघितल्याशिवाय कोण आर्टिकल उघडेल. म्हणून ते पूर्वतयारीत चढवलं, आणि तरी खाली अडचणीतही ठेवलं, कारण पूर्वतयारी सोडून पळणारे पळतातच. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहू नये असं म्हणतात, इथं मी मुद्दाम लिहिलीये.

पायऱ्या लिहिताना अडलात तर

पायरी "तर" नं सुरू होत असेल, म्हणजे "नसेल तर", "हवं असेल तर", तर थांबून बघा की ती पायरी आहे की पूर्वतयारी आहे की अडचण आहे. पायरी ५ मध्ये एक "नसेल तर" उरलाय, तो ठेवला, कारण तो त्याच खिडकीत त्याच जागी मिटतो. पण "जुनं एक्सेल असेल तर" पायऱ्यांच्या मध्ये घुसलं असतं तर सात पायऱ्यांचे दोन फाटे झाले असते आणि नवीन एक्सेलवाल्यालाही ते सगळं वाचावं लागलं असतं.

जागा आधी, कृती नंतर. "65001 निवडा, File Origin मध्ये" असं लिहिलं की माणूस 65001 शोधत स्क्रीनभर फिरतो. "त्या खिडकीत File Origin मध्ये" असं आधी सांगितलं की डोळा तिथं पोचलेला असतो. बटणांची नावं स्क्रीनवर जशी आहेत तशीच ठेवा, "माहिती" असं भाषांतर केलंत तर ते बटण कुणालाच सापडणार नाही, आमच्या एका नवीन मुलानं हौसेनं केलं होतं तसं. आणि "निवडावे, करावे" सोडा, "निवडा, करा" लिहा, सरकारी परिपत्रक वाटलं की लोक वरवर चाळतात.

तोडलेलं दुसरं आर्टिकल

परत अपलोड करण्याचं आर्टिकल वेगळं केल्यावर कळलं की तिथं पूर्वतयारीच वेगळी आहे. Column1 ची ओळ फाइलमध्ये गेली तर आमचं सॉफ्टवेअर फाइल नाकारतं, लपवलेली असली तरी, कारण लपवलेली ओळ सीएसव्हीत जातेच. म्हणजे छापण्यासाठी जो उपाय बरोबर तोच अपलोडसाठी चूक. दोन्ही एकाच आर्टिकलमध्ये असते तर हे कधी लक्षातच आलं नसतं. तिथं आता ती वरची ओळ घालवायची वेगळी पायरी आहे, सेव्हच्या पायरीत CSV UTF-8 (Comma delimited) हे पूर्ण नाव आहे, आणि त्याच्या आधी "ज्या शीटवर यादी दिसतेय त्याच शीटवर राहा" अशी एक ओळ आहे. सीएसव्हीमध्ये एक्सेल फक्त समोरची एकच शीट लिहितं, आणि Load नवीन शीट बनवतं त्यामुळं शेजारी रिकामी Sheet1 असतेच. तिच्यावर असताना सेव्ह केलं की रिकामी फाइल. हा फोन पण दरवर्षी यायचा, आणि आम्ही त्याला "अपलोड होत नाही" या नावानं नोंदवत होतो.

अजून एक लक्षण या आर्टिकलमध्ये मुद्दाम सोडवलेलं नाही. काही जुन्या संस्थांच्या यादीत à¤ नाही की ???? नाही, सरळ इंग्रजी अक्षरांचं काहीतरी कडबोळं दिसतं, आणि नोटपॅडमध्येही तेच. ती नावं मुळात युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात, म्हणजे फाइलमध्ये खरंच इंग्रजी अक्षरंच आहेत आणि मराठी दिसायचं ते फक्त त्या फॉन्टमुळं. त्यावर File Origin चा काही उपयोग नाही, फॉन्ट कुठला ते ओळखून मजकूर रूपांतरित करावा लागतो आणि ते आम्ही करून देतो. म्हणून शेवटची ओळ "संपर्क साधावा" च्या जागी नोटपॅडचा फोटो मागते. फोटो आला की फोन उचलायच्या आधीच कळतं यातलं काय आहे.